मदत हवी आहे : ऑनलाइन फसवणुकीची बातमी, आज संध्याकाळपर्यंत द्यायचीय

निपाणीकर७
साप्ताहिकासाठी बातमी केलीय. इथल्या एका दुकानदाराच्या खात्यातून ८४ हजार गेले. संपादक म्हणतात, वाचकानं काय करायचं ते कुठंय? शेवटचा परिच्छेद कुणी सुचवेल का? लवकर.

सीमेवरचा
पैसे गेले कसे? ओटीपी दिला? क्यूआर स्कॅन केला? ते आधी सांगा की.

निपाणीकर७
ओटीपी कुणालाच दिला नाही. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलनाची फाईल आली, ती उघडली.

शहापूरची सुमन
मग फाईलचं नाव .apk नं संपतंय का बघा. तसं असेल तर ते चलन नव्हे, ॲप आहे. बसवताना ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो, त्यामुळं ‘ओटीपी सांगू नका’ एवढं छापून काही उपयोग नाही.

उपाय शेवटी नको, वरच घ्या. आधी फोन एरोप्लेन मोडवर टाकायचा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाइनला, आणि लगेच बँकेला. नंबर कार्डामागचा, गुगलवरचा नको. रक्कम, वेळ आणि यूपीआय असेल तर व्यवहाराचा १२ आकडी नंबर हाताशी ठेवायचा. चोरानं पैसे पुढं काढायच्या आत कळवलं, तरच ते गोठवता येतात. फोन रीसेट करायची घाई नको, आधी त्या मेसेजचे फोटो काढून ठेवायचे.

गणपत_खानापूर
एवढं कशाला? तीन दिवसांत कळवलं की बँक सगळे पैसे देते. आरबीआयचा नियमच आहे.

शहापूरची सुमन
अर्धंच सांगितलंत. २०१७ च्या परिपत्रकात तीन कामाचे दिवस आहेत, पण चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा वेळी. ग्राहकाची हलगर्जी असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, त्यानंतरचं बँकेचं. हलगर्जी सिद्ध करायची मात्र बँकेनं.

गणपत_खानापूर
फाईल उघडणं ही हलगर्जी कशी?

सीमेवरचा
बँक तसंच म्हणणार. भांडावं लागेल.

चिकोडीचा_दादा
आमच्या भावाचं खातं कोल्हापुरात, राहतो इकडं. इकडचे म्हणतात तिकडं जा. आणि तक्रार मराठीत घेतात का?

शहापूरची सुमन
दादा, cybercrime.gov.in वर घरबसल्या नोंदवा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावाच लागतो, हद्दीचं कारण चालत नाही. नाहीतर सायबर गुन्ह्यांसाठीचं बेळगावचं सीईएन ठाणं आहेच.

निपाणीकर, दुकानदारानं बँकेला कधी कळवलं?

निपाणीकर७
दुसऱ्या दिवशी, शाखा उघडल्यावर. रात्री पावणेदहाला ५० हजार गेले, सकाळी आठला ३४.

शहापूरची सुमन
मग मथळा तिथंच आहे. रात्रीच १९३० आणि बँकेला फोन गेला असता तर ते ३४ हजार बँकेच्या अंगावर आले असते. शाखेची वाट का पाहिली, ते विचारलंत का?

चिकोडीचा_दादा
मराठीचं कुणी सांगितलंच नाही.