अनुभव धागा: सीओपीडीचा पेशंट आणि धाप लागलेली रात्र, तुमच्या घरी काय झालं होतं?

इचलची_सून: काल एसटीत शेजारी एक आजोबा होते, पुढच्या सीटच्या दांड्यावर हात टेकून ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकत बसलेले. बघून आमचे मामंजी आठवले. इचलकरंजीत सगळा जन्म यंत्रमागावर गेला, कापसाची धूळ आणि वर विडी, त्यामुळे सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. दोन वर्षांपूर्वी थंडीत आधी सर्दी झाली, मग कफ पिवळा झाला आणि एका रात्री दोनला उठून बसले. छातीतून बासरीसारखा आवाज. कॉटच्या कडेला बसून कोपरं गुडघ्यावर टेकलेली आणि "पाणी द्या" म्हणायला दोनदा थांबले. मला एवढंच सुचलं की बाबा, जोरात श्वास घ्या, जोरात घ्या!! शेजारच्या सिस्टर धावत आल्या आणि म्हणाल्या, घेऊ नका, सोडा. आधी आतली हवा बाहेर काढा. नाकातून दोन आकडे मोजत घ्या आणि मेणबत्ती विझू न देता नुसती ज्योत हलवायची असल्यासारखं चार मोजत फुंका. दहा मिनिटांत खांदे खाली आले. पुढचं नंतर लिहिते, कुकर लावलाय. तुमचेही अनुभव लिहा.

पुणेरी_पोहे: मग पुढे काय झालं?? कुकरची किती शिट्टी असते तुमच्याकडे 😄

विदर्भकन्या: आमच्या आईला पण. विडी नाही की सिगारेट नाही, चाळीस वर्षं चूल फुंकली बस. डॉक्टर विचारे "धूम्रपान?" अन् आई म्हणे नाही, म्हणून बरेच दिवस दमाच समजत होते सगळे.

छाती_फिजिओ: सिस्टरांनी अगदी बरोबर सांगितलं. सीओपीडीत नळ्या अरुंद आणि सैल झालेल्या असतात, जोर लावून सोडायला गेलं की त्या मिटतात आणि हवा आत अडकते. छाती आधीच फुगलेली, त्यात आणखी श्वास कुठे घेणार? ओठ चिमटून सोडलं की तोंडातल्या दाबाने नळ्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात. गाल फुगवायचे नाहीत, जोरात फुंकायचं नाही. आणि हे धाप नसताना रोज करून ठेवायचं, चढ-जिना चढताना, रात्री दोनला नवीन काही शिकता येत नाही कोणाला.

साताऱ्याचा_भाऊ: म्हणजे कपालभातीच की. आमचे योगवाले गुरुजी म्हणतात रोज करा, सगळं मोकळं होतं.

छाती_फिजिओ: नाही भाऊ, उलटं आहे. कपालभातीत सोडायचं झटक्याने, इथे सावकाश. धाप असताना कपालभाती अजिबात नको.

साताऱ्याचा_भाऊ: बरं. गुरुजींना विचारतो.

इचलची_सून: आले. तर पंपाचं. मामंजींकडे कॅप्सूल टाकून ओढायचं यंत्र होतं, त्या रात्री दोनदा ओढलं पण पारदर्शक डबीत बघितलं तर पांढरी पूड तशीच्या तशी. सिस्टर म्हणाल्या त्याला जोरात ओढायला लागतं, यांच्यात आता जोर कुठे आहे. मग लहानग्याच्या सर्दीत आणलेला, लगेच आराम देणारा निळा पंप नि त्याला जोडायचा नळकांड्यासारखा स्पेसर होता, औषध तेच आहे का ते मामंजींच्या कागदाशी जुळवून पाहिलं, तोंडाचा भाग मोठ्यांना बसणारा निघाला. हलवून एक पफ, तो चार-पाच साध्या श्वासांनी ओढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग दुसरा. कागदावर डॉक्टरांनी अडचणीत चार पफ असंच लिहिलेलं होतं. चारही एकदम दाबायचे नसतात, पुष्कळ लोक तसं करतात.

ठाण्याची_मावशी: माझ्या मुलाला धुळीची ॲलर्जी आहे, त्यालाही पंप दिलाय पण सासूबाई म्हणतात सवय लागते. लागते का हो? तो नववीत आहे आणि क्रिकेट खेळतो.

पुणेरी_पोहे: काकू चष्म्याचीही सवय लागते म्हणून कोणी आंधळं राहत नाही.

ठाण्याची_मावशी: 😀 सासूबाईंना वाचून दाखवते.

छाती_फिजिओ: मावशी, व्यसन लागत नाही. पण निळा पंप वारंवार लागायला लागला तर रोजचं औषध नीट चाललंय का ते दाखवून या. रोजच्या स्टेरॉइडवाल्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे डाग येतात.

कोकणी_दादा: आमच्याकडे कोविडमधलं ऑक्सिजन मशीन पडून आहे. काकांना धाप लागली की डायरेक्ट पाचवर ठेवतो, बोटाच्या यंत्रावर ९८ आला की निर्धास्त.

छाती_फिजिओ: दादा थांबा. मशीन वापरणं चूक नाही, पण त्यांना सीओपीडी असेल तर ९८ हा आनंदाचा आकडा नाही. त्यांच्यासारख्यांना साधारण ८८ ते ९२ पुरतं, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. जास्त दिला की काही जणांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, पेशंट शांत होतो, सुस्तावतो आणि घरच्यांना वाटतं झोप लागली. तो बरा झालेला नसतो. फ्लो किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कोकणी_दादा: अरे बापरे. काका परवा असेच गप्प पडले होते, आम्ही म्हटलं चला झोपले. उद्याच नेतो.

छाती_फिजिओ: आत्ता कसे आहेत? जागे, नीट बोलतायत? हाक मारून बघा. गुंगीत असतील तर उद्या नाही, आत्ताच न्या.

कोकणी_दादा: जागे आहेत, टीव्हीवर मालिका बघून शिव्या घालतायत.

विदर्भकन्या: मग ठीकच आहेत 😂 पण खरं, आईच्या वेळी हेच झालं. सकाळपासून सुं सुं आवाज येत होता, दुपारी बंद झाला. बाबा म्हणे कमी झालं. पण आई एक शब्द बोलेना, घाम येत होता, ओठ जांभळट. आवाज बंद झाला होता कारण हवाच जात नव्हती. १०८ ला फोन केला, दवाखान्यात मास्कवालं मशीन लावलं. त्यात दोन दिवस गेले.

इचलची_सून: हो गं, आमच्याकडे पण तेच सांगितलं. आम्ही फ्रिजवर चिकटवलंय: एक वाक्य पूर्ण बोलता येईना, ओठ-नखं निळी, गुंगी किंवा भलतंच बोलणं, पफ घेऊन दहा-पंधरा मिनिटांत फरक नाही किंवा लगेच परत चढलं, की गाडी बोलवायची, सकाळची वाट बघायची नाही. एका बाजूला अचानक छातीत दुखलं तर तर लगेचच.

साताऱ्याचा_भाऊ: वाफ घेतली तर चालत नाही का? निलगिरी टाकून. आमचं घरचं औषध.

छाती_फिजिओ: नाक चोंदलं असेल तर बरं वाटेल, नळ्या उघडायला ती पुरत नाही. धाप असताना गरम पातेल्यावर वाकवू नका, आणि उग्र वासाने काहींना जास्तच त्रास होतो.

पुणेरी_पोहे: नेब्युलायझर घ्यावा की स्पेसर पुरतो? आमचे डॉक्टर म्हणतात नेब घ्या, दुसरे म्हणतात स्पेसरने तेच काम होतं.

विदर्भकन्या: आमच्याकडे दोन्ही आहेत. आईला नेबनेच बरं वाटतं, मास्क लावून नुसतं बसायचं म्हणून असेल.

छाती_फिजिओ: नीट वापरला तर स्पेसर सहसा पुरतो. पण ज्याला बटण आणि श्वास जुळवणं जमत नाही, हात थरथरतात, त्याला नेब सोपा जातो. फोनवर यात कोणी निकाल देऊ नये.

ठाण्याची_मावशी: स्पेसर धुवायचा कसा?

इचलची_सून: साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळवायचा, कापडाने पुसायचा नाही, घासलं की आतल्या भिंतीला औषध चिकटतं म्हणे. मी धुऊन खिडकीत ठेवते आणि लहानगा तो पळवून दुर्बीण करतो.

कोकणी_दादा: इचलकरंजीत कुठे मिळेल मोठ्यांचा स्पेसर? माझी बहीण तिथे असते.

इचलची_सून: कुठल्याही मोठ्या मेडिकलात विचारा. बहीण कुठल्या भागात राहते? डीएम करा, मी सांगते.