हातच्याची वजाबाकी: तिसरीत काड्यांचे गठ्ठे हवेत की नकोत?

तिसरीची_बाई: काड्यांचे गठ्ठे हातात असले की माझ्या वर्गातली बहुतेक मुलं ५२ − २७ बरोबर सोडवतात. वहीत मात्र त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांचं उत्तर ३५ येतं. मग काड्यांवर एवढा वेळ घालवायचा कशाला? सरळ रीत घोटून घ्यावी असं मला वाटू लागलंय. तुमचं मत सांगा.

सराव_हवा: घोटूनच घ्या. काड्या दुसरीपर्यंत ठीक आहेत. तिसरीतलं मूल गठ्ठा सोडतं आणि उरलेल्या सगळ्या काड्या एकापासून मोजत बसतं. ही वजाबाकी नाही, मोजणी झाली. परीक्षेत काड्या मिळणार नाहीत. ‘वरचा अंक लहान असेल तर दशकातला एक घ्या, तिथला एक कमी करा’ हे रोज करून घेतलं की हात बसतो.

सुटे_दशक: एकेक मोजत बसतात हे खरं. पण घोटून काय घ्यायचं ते ठरवण्याआधी ते ३५ नीट बघा. हे उत्तर दोन अगदी वेगळ्या चुकांमधून येतं. एक मूल २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलट ७ मधून २ काढतं आणि ५ लिहितं. मग ५ मधून २ गेले, राहिले ३. दुसरं मूल १२ मधून ७ बरोबर काढतं, पण दशकातला एक कमी करायला विसरतं. त्याचंही ३५. वही तपासताना दोघं सारखीच दिसतात, कारण एककांमधला फरक नेमका ५ आहे.

त्याऐवजी ५३ − २७ द्या. बरोबर उत्तर २६. उलटं काढणारा ३४ लिहील, दशक विसरणारा ३६. आता कोणाला काय शिकवायचं ते कळेल. ३४ वाल्याला काड्या हव्यातच: तीन सुट्या काड्यांमधून सात उचलून दाखव म्हणायचं. उचलता येत नाहीत हे हाताला कळल्याशिवाय गठ्ठा का सोडायचा हे त्याला पटत नाही. ३६ वाल्याला गठ्ठा सोडायचा असतो हे ठाऊक आहे. त्याची अडचण लिहिण्यात आहे.

नेहाची_आई: आमच्याकडे तर काड्यांनीच घोळ होतो. ५३ काड्या मांडते, शेजारी २७ मांडते आणि सगळ्या मिळवून ८० सांगते. म्हणजे काड्या बंदच करू ना?

सुटे_दशक: नको. ती बेरजेची सवय आहे. काढून घ्यायची वजाबाकी असेल तर फक्त वरची संख्या मांडायची. २७ चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवा. तेवढ्या काड्या ५३ मधूनच उचलून चिठ्ठीवर ठेवायच्या. ‘किती जास्त’ असं विचारलं असेल तेव्हा दोन्ही मांडतात, पण ते गणित निराळं. सध्या दोन्ही एकत्र शिकवू नका.

सराव_हवा: आणि ३६ वाल्याचं काय? त्याला तुम्हीही सरावच देणार.

सुटे_दशक: सराव देईन, पण काड्या आणि वही एकाच वेळी. पाच गठ्ठे, तीन सुट्या. रबर काढला की लगेच पेन्सिल उचलायची: ५ खोडून ४, ३ खोडून १३. पुन्हा विचारायचं, ‘काड्या कमी झाल्या का?’ चार गठ्ठे आणि तेरा सुट्या, अजूनही ५३ च. मग सात उचला, दोन गठ्ठे उचला. आधी सगळं काड्यांनी करून शेवटी वहीत नुसतं उत्तर उतरवलं, तर ५ चा ४ कधी झाला हे मुलाने पाहिलेलंच नसतं. बाई, तुमच्याकडे हेच होत असावं.

एकेक मोजण्यावरही उपाय आहे. सुट्या काड्यांत मिसळण्याआधी, सोडलेल्या दहातूनच सात काढायच्या. राहिल्या तीन, आधीच्या तीन, झाल्या सहा. मोजायची गरजच नाही.

डावीकडून: मुलं काड्यांनी आधी दोन गठ्ठे उचलतात, मग सातसाठी तिसरा सोडतात. उत्तर २६ च. त्यांना थांबवून ‘आधी एकक’ का म्हणायचं?

सुटे_दशक: काड्यांनी करताना थांबवू नये. वहीत मात्र ३ लिहून नंतर २ करावे लागतात.

सराव_हवा: इथेच गोंधळ होतो. दोन क्रम शिकवले की वहीत दोन्ही येतात. मी पहिल्यापासून एककच धरेन.

डावीकडून: मूल स्वतः करतं ते चूक ठरवलं, तर ते काड्याही नुसत्या सांगितल्या म्हणून हलवेल.

तिसरीची_बाई: ३५ वाल्यांना उद्या ५३ − २७ देते. आम्ही वहीत शेवटीच लिहायचो, तेही बदलून बघते. पण ४०२ − १५८ मध्ये दशकाच्या जागी गठ्ठाच नाही. तिथे मुलं शेकड्यातून थेट दहा एककं आणून २५४ लिहितात. तिथे काय करता?

सुटे_दशक: शंभरचा मोठा गठ्ठा दहा-दहाच्या दहा गठ्ठ्यांचाच बांधा. मोठा रबर काढला की आत सुट्या काड्या दिसत नाहीत, दहा गठ्ठे दिसतात. त्यातला एक सोडला की तीन शेकडे, नऊ दशक, बारा एकक. उत्तर २४४. पण ५३ − २७ वाले सगळे नीट लिहू लागेपर्यंत हे घेऊ नका.