मदत हवी आहे: कार्बन डेटिंगचं गणित माझ्या हाताने 2523 येतं, रिपोर्टमध्ये 2450 आहे, आणि OxCal तिसरंच सांगतं

खापरी

नमस्कार मंडळी. पुरातत्त्वात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंधासाठी विदर्भातल्या एका शिळावर्तुळातला कोळसा मिळाला होता, तो विभागाने प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्टमधल्या कामाच्या ओळी एवढ्याच, पहिली उरलेल्या कार्बन-14 चं प्रमाण आणि दुसरी 1950 पासून मागे मोजलेलं वय:

```
F14C = 0.7370 ± 0.0028
Age  = 2450 ± 30 BP
```

मी पुस्तकातलं अर्धायुष्य 5730 वर्षं धरून गणित केलं. 5730 भागिले 0.6931 म्हणजे 8267, आणि 0.7370 चा ln येतो −0.3052. गुणाकार 2523 वर्षं. रिपोर्टपेक्षा 73 वर्षं जास्त. तीन वेळा करून पाहिलं, तेच.

मग OxCal या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये 2450 आणि 30 टाकले तर इ.स.पू. 755 ते 410 असा पसरट डोंगर आला, तोही तीन तुकड्यांत. एवढा खर्च करून साडेतीनशे वर्षांचा पट्टा? आमचे मार्गदर्शक म्हणतात, "2450 मधून 1950 वजा कर, इ.स.पू. 500 लिही आणि पुढे चल." नक्की कुठे चुकतंय? की प्रयोगशाळेकडूनच काही गडबड झाली?

बारा_भानगडी

गडबड काही नाही. ही पद्धत शोधणाऱ्या लिबी साहेबांनी सुरुवातीला अर्धायुष्य 5568 धरलं होतं, नंतर ते चुकीचं निघालं. प्रयोगशाळा अजून त्या जुन्या आकड्यानेच मोजतात. कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच: आलेल्या वयाला 1.03 ने गुणायचं. तुमचं 2523 बरोबर आहे, त्यातून 1950 वजा करा, इ.स.पू. 573. विषय संपला.

सातारकर

चांगला धागा. आमच्या वाड्याची तुळई सागवानी आहे, घरात सांगतात शाहू महाराजांच्या काळातली. एक तुकडा कापून पाठवला तर वर्ष कळेल का? खर्च किती येतो कुणाला माहीत आहे का?

जुनी_वही

बारा_भानगडी, पहिली तीन वाक्यं बरोबर, चौथ्यापासून गाडी रुळावरून उतरली. निवृत्तीआधी बरीच वर्षं याच कामात गेली म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खापरी, तुझं गणित चुकलेलं नाही, फक्त तुझा आणि प्रयोगशाळेचा गुणक वेगळा आहे. रिपोर्टमधलं वय या सूत्राने काढतात:

```
t = -8033 × ln(F14C)
```

8033 म्हणजे लिबींच्या 5568 ला 0.6931 ने भागून आलेला आकडा. 8033 × 0.3052 म्हणजे 2451, तो त्यांनी 2450 केला. ± चा आकडाही तसाच: 0.0028 भागिले 0.7370, गुणिले 8033, झाले 30. रिपोर्ट चोख आहे.

आता तू म्हणशील, अर्धायुष्य चुकीचं आहे हे माहीत असून ते का वापरतात? आधी छापलेल्या शेकडो तारखांशी तुलना मोडू नये म्हणून 1962 साली ते तसंच ठेवायचं ठरलं. आणि खरं सांगायचं तर त्याने काही बिघडत नाही. का, ते खाली येतंच.

मूळ प्रश्न वेगळा आहे. गळका माठ डोळ्यांपुढे आण. तो किती वेगाने गळतो हे माहीत आहे, आज पाणी किती उरलंय तेही मोजलं. पण भरताना तो काठोकाठ होता की दोन बोटं कमी, हे माहीत नसेल तर कधी भरला ते सांगता येत नाही. अर्धायुष्य म्हणजे गळतीचा वेग. सूत्र गृहीत धरतं की प्रत्येक माठ सारखाच भरला होता, म्हणजे हवेतलं कार्बन-14 कायम एकाच पातळीवर होतं. तसं ते नव्हतं. सूर्य शांत असला, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र क्षीण झालं, की वैश्विक किरण जास्त येतात आणि कार्बन-14 जास्त तयार होतं.

तुझ्याच आकड्यावर करून बघू. इ.स.पू. 750 चं एक झाड घे. त्या सुमाराला हवेत कार्बन-14 प्रमाण पातळीपेक्षा साधारण दोन टक्के जास्त होतं. तिथून 1950 पर्यंत 2699 वर्षं. इथे खरं अर्धायुष्य लावायचं, म्हणजे 8267. 1.02 चे उरतात 0.736. दुसरं झाड इ.स.पू. 410 चं, तेव्हा हवा साधारण दोन टक्के कमी. 2359 वर्षांत 0.98 चे उरतात 0.737. दोन झाडांत 340 वर्षांचं अंतर, आणि मापात फरक जवळपास नाही! मधल्या काळात हवेतलं कार्बन-14 जवळजवळ त्याच गतीने उतरत गेलं, ज्या गतीने जुन्या लाकडातलं झिजत होतं. म्हणून त्या साडेतीनशे वर्षांतलं कुठलंही लाकूड आज 2450 च्या आसपासच वय दाखवतं. युरोपवाले याला हालश्टाट पठार म्हणतात. तुझा कोळसा नेमका त्यावर बसलाय. OxCal प्रामाणिकपणे तेच सांगतंय.

बारा_भानगडी

ठीक, पण माझं 573 तर त्या पट्ट्यातच आहे की!

जुनी_वही

पट्टा एवढा रुंद आहे की डोळे मिटून दगड मारला तरी आत पडेल. पठार नसलेलं उदाहरण घ्या. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला गोठलेला माणूस, ओट्झी. त्याचं कार्बन वय साधारण 4550. तुमचा 1.03 चा हिशेब इ.स.पू. 2730 च्या आसपास नेतो. कॅलिब्रेशन केल्यावर येतं इ.स.पू. 3350 ते 3100. चार-सहाशे वर्षांची चूक. अर्धायुष्य दुरुस्त केलं म्हणून माठ कितपत भरला होता हे कळत नाही.

ते कळतं झाडांच्या वलयांवरून. वलयं मोजून कॅलेंडर वर्ष ठरतं, त्याच वलयाचं कार्बन मोजून त्याच 8033 च्या सूत्राने वय काढायचं. आयर्लंड-जर्मनीचे ओक, कॅलिफोर्नियाच्या डोंगरातले ब्रिसलकोन पाइन अशा झाडांवरून आजची IntCal20 वक्ररेषा उभी आहे. फार जुन्या काळासाठी तळ्यांतला गाळ आणि गुहांतले चुनखडीचे थर घेतात. म्हणजे तुझ्या नमुन्यालाही लिबींची पट्टी आणि वक्ररेषेलाही तीच पट्टी. पट्टी थोडी आखूड असली तरी दोन्हीकडे सारखीच आखूड, म्हणून निघून जाते.

म्हणूनच खापरी, 2523 हा आकडा OxCal मध्ये कधीही टाकू नकोस. टाकून पाहा, पट्टा सरकून साधारण आठव्या ते सहाव्या शतकात जाईल आणि पाचवं शतक गायब होईल. दिसायला छान, पण खोटं. पाठवतेस ते इतकंच असू दे:

```
Curve("IntCal20","intcal20.14c");
R_Date("V1",2450,30);
```

खापरी

आता कळलं! मी खरंच 2523 टाकून पाहिलं होतं आणि "अरे वा, पट्टा लहान झाला" म्हणून खूष झाले होते. कुणाला सांगितलं नाही हे बरं.

मग ±30 ऐवजी ±15 चं माप करून घेतलं तर?

वलयांकित

पठारावर फारसा फायदा नाही. रेषाच आडवी असेल तर पेन्सिल कितीही टोकदार केली तरी ती शतकं ओलांडूनच जाणार. मी जर्मनीत वलयांवर काम करतोय, इथे या पठाराला सगळेच वैतागलेले असतात.

दोन वाटा आहेत. एक, पन्नास-साठ वलयांचा ओंडका मिळाला तर दर दहा वलयांना एक असे नमुने मोजायचे आणि तो चढउतार वक्ररेषेवर सरकवून बसवायचा. पठार म्हटलं तरी त्यावर लहानसहान उंचवटे आहेत, शिवाय इ.स.पू. 660 च्या आसपास कार्बन-14 ने अचानक उसळी घेतलेली आहे. पण शिळावर्तुळात ओंडका कुठून आणणार! दुसरी वाट तुमच्यासाठी: खालच्या आणि वरच्या थरांतले नमुने. पठाराच्या दोन्ही टोकांना रेषा तीव्र उताराची आहे. खालच्या थराचं वय 2620 च्या आसपास आलं तर ते इ.स.पू. 800 च्या जवळ घट्ट बसेल. वरच्याचं 2300 च्या खाली आलं तर तो थर पठारानंतरचा. मग OxCal मध्ये Sequence लावून थरांचा क्रम सांगितला की मधल्या नमुन्याचा पट्टा आकसतो. क्रम मात्र उत्खननात खरंच तसा दिसला असला पाहिजे, उंदीर-घुशींनी उलटापालट केली असेल तर नाही.

आणि तुमच्या मार्गदर्शकांना मान देऊन सांगतो, "इ.स.पू. 500" छापू नका. 2450 ± 30 BP, प्रयोगशाळेचा क्रमांक, कुठली वक्ररेषा, आणि पूर्ण पट्टा लिहा. वक्ररेषा दर काही वर्षांनी बदलते. मूळ माप छापलेलं असलं तर पुढचा माणूस पुन्हा कॅलिब्रेट करू शकतो.

एक शंका मात्र माझीच. IntCal20 उत्तर गोलार्धाची आहे. दक्षिणेकडच्या झाडांचं कार्बन वय तीन-चार दशकांनी जास्त येतं. विदर्भात झाड वाढतं ते पावसाळ्यात, आणि ती हवा विषुववृत्ताच्या पलीकडून येते. मग दोन वक्ररेषांचं मिश्रण वापरायला नको का?

जुनी_वही

यावर आमच्यात चहा थंड होईपर्यंत वाद व्हायचे. माझं मत, IntCal20 ने छापावं आणि मिश्रणाने काय फरक पडतो ते तळटीपेत द्यावं. पठारावर तीस वर्षांनी एरवीही काही ठरत नाही.

वलयांकित

पठारावर नाही, पण उतारावरच्या खालच्या-वरच्या नमुन्यांना तीस वर्षं पुष्कळ होतात. मला तळटीप पुरेशी वाटत नाही.

सातारकर

माझी तुळई राहिलीच!

जुनी_वही

सातारकर, तुळई कापू नका. साधारण 1650 नंतर वक्ररेषा इतकी नागमोडी आहे की शाहू महाराजांच्या काळातलं लाकूड बहुतेक "1660 ते 1950 मध्ये कधीतरी" असं उत्तर देईल. शिवाय कार्बन सांगतो ते वलय कधी तयार झालं. झाड कधी तोडलं ते नाही. सागाचा गाभा सालीपेक्षा शंभर वर्षांनी जुना असू शकतो, आणि वाड्यांत जुन्या तुळया पुन्हा वापरायची पद्धत होतीच. घरातली कागदपत्रं शोधा, स्वस्त पडेल.

खापरी, हीच गोष्ट तुलाही लागू. तुझा कोळसा बारीक काटकीचा आहे की जाड खोडाचा? खोडाच्या आतला असेल तर आलेला पट्टा दफनाच्या आधीचा, किती आधीचा ते सांगता येणार नाही. जळलेलं धान्य मिळालं असेल तर आधी ते पाठव, ते एकाच हंगामाचं असतं.

खापरी

आत्ता विभागात जाऊन उरलेल्या नमुन्याची पिशवी पाहिली. चिठ्ठीवर फक्त "कोळसा, थर 3" एवढंच लिहिलंय, झाडाची ओळख केलेली नाही. उरलेले तुकडे करंगळीच्या नखाएवढे. एकावर वलयांची वळणं दिसतात, पण ती बरीच सपाट आहेत, म्हणजे खोड जाडच असावं ना? थर 4 मधून मातीची एक पिशवी आहे, पाण्यात घोळून दाणे सुटतात का ते सोमवारी बघते.