मदत हवी आहे: संभाजी महाराजांची राजवट सुरू कधी धरायची? १६८० की १६८१?

प्रश्न: सह्यकन्या

आमच्या गडभटकंतीच्या ग्रुपसाठी एक मोठा बॅनर करतेय, छत्रपतींची टाइमलाइन, आणि एक्सेलमध्ये "राजवट सुरू" असा एकच कॉलम ठेवलाय, तिथेच गाडी अडलीय. शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले हे सगळीकडे सारखं आहे. पण शंभूराजांसाठी एका पुस्तकात २० जुलै १६८०, दुसऱ्यात १६ जानेवारी १६८१, आणि एका साइटवर तर थेट ३ एप्रिलच टाकलीय. शिवाय मध्येच राजाराम महाराजांना २१ एप्रिलला रायगडावर बसवलं होतं तेही येतं. यातली बरोबर कोणती, की सगळ्याच बरोबर आहेत आणि मीच चुकीचा कॉलम केलाय? प्रिंटरला फाइल द्यायचीय त्यामुळे जरा लवकर सांगा प्लीज.

तोफखाना

यात काय अवघड आहे, राज्याभिषेक झाला की राजा. त्याआधी युवराज. १६ जानेवारी १६८१ टाका आणि मोकळ्या व्हा. शिवाजी महाराजांचंही आपण ६ जून १६७४ च धरतो ना.

सह्यकन्या

@तोफखाना पण मग एप्रिल ८० ते जानेवारी ८१ गादी रिकामी दाखवू का? साडेनऊ महिने?

दप्तरी_काका

तोफखाना, राज्याभिषेकाचं महत्त्व मान्य, पण तो नियम लावला तर १६७४ च्या आधी महाराज राज्यच करत नव्हते म्हणावं लागेल. अफझलखान १६५९ ला, सुरत १६६४ ला, हे काय राजवटीच्या बाहेर का? अभिषेकाने छत्र, सिंहासन, स्वतःचा शक आणि इतरांनी मान्य करण्यासारखा दर्जा मिळाला, सत्ता आधीपासून होतीच.

ताई, तुमच्या एका कॉलममध्ये तीन वेगळे प्रश्न कोंबलेत. हक्क कधी आला, कारभार हातात कधी आला, आणि विधी कधी झाला. शंभूराजांच्या बाबतीत तिन्हींची उत्तरं वेगळी पडतात म्हणून गोंधळ होतो.

३ एप्रिलला महाराज गेले तेव्हा शंभूराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावरच्या मंडळींनी २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांचं मंचकारोहण केलं. मंचकारोहण म्हणजे गादीवर बसवलं, कारभार त्यांच्या नावाने सुरू केला, पण अभिषेक नाही. इकडे पन्हाळ्यावर शंभूराजांनी गड ताब्यात ठेवला, सरनोबत हंबीरराव मोहिते त्यांच्या बाजूने आले, मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो धरले गेले, आणि १८ जूनला शंभूराजे रायगडावर पोचले. त्या दोन महिन्यांत एकाच राज्यात दोन ठिकाणांहून हुकूम सुटत होते. मग २० जुलैला त्यांचं मंचकारोहण झालं आणि १६ जानेवारी १६८१ ला विधिवत राज्याभिषेक.

माझ्या मते "राजवट सुरू" ला २० जुलै १६८० टाका आणि राज्याभिषेकाला वेगळा कॉलम करा. ३ एप्रिल टाकणारे हे मानतात की बाप गेला त्याच क्षणी मुलगा राजा. तो विचार आहे, पण तेव्हा आपल्याकडे तसं आपोआप होत नव्हतं, नाहीतर २१ एप्रिलचा प्रसंग घडलाच नसता.

लंडनवासी_पुणेकर

इथे बरोबर तसंच आपोआप होतं बघा. एलिझाबेथ राणी ६ फेब्रुवारी १९५२ ला वडील गेले त्या क्षणापासून राणी, तेव्हा ती केनियात होती, आणि राज्याभिषेक थेट २ जून १९५३ ला. आठवा एडवर्ड तर १९३६ मध्ये अकरा महिनेसुद्धा पुरता राहिला नाही, राज्याभिषेक झालाच नाही, तरी राजांच्या यादीत आहेच. पण हे पूर्वी इथेही नव्हतं हां. पहिल्या रिचर्डचा बाप जुलै ११८९ मध्ये गेला तरी त्याची वर्षं ३ सप्टेंबरच्या राज्याभिषेकापासून मोजतात. पहिल्या एडवर्डपासून, म्हणजे १२७२ पासून बदललं, तो तेव्हा धर्मयुद्धावर होता आणि अभिषेक १२७४ ला झाला, तेवढं थांबणार कोण. म्हणून इंग्रजी साइटवाले शंभूराजांना ३ एप्रिल लावत असतील असा माझा अंदाज, त्यांच्या फॉर्म्युल्यात तेच बसतं.

मावळा९६

तारीख नको तिथी धरा!! राज्याभिषेक दिन ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाच साजरा करायला पाहिजे, दरवर्षी हाच वाद.

दप्तरी_काका

@मावळा९६ तो वाद वेगळा आहे भाऊ, इथे साजरं करण्याचा विषय नाही. पण एक कामाची गोष्ट निघाली. ताई, या सगळ्या तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत, आपली पुस्तकं तेच वापरतात. एखाद्या साइटवर १६ जून १६७४ दिसलं तर घाबरू नका, तो तोच दिवस आहे, दहा दिवस पुढे मोजलेला. फक्त एका बॅनरवर दोन्ही मिसळू नका.

वतनदार_वाईकर

विषयाला धरून माझाही एक प्रश्न. घरात एका जुन्या कागदाची नक्कल आहे, मोडीतली, ओळखीच्याने वाचून दिली, वर "राज्याभिषेक शके १३ क्षय नाम संवत्सरे" आहे आणि संभाजी महाराजांचं नाव आहे. म्हणजे त्यांच्या राज्याचं १३ वं वर्ष ना? पण त्यांनी तर जेमतेम नऊ वर्षं राज्य केलं. कागद बनावट आहे का?

दप्तरी_काका

बनावट म्हणायला हे कारण पुरत नाही. राज्याभिषेक शक प्रत्येक राजाबरोबर नव्याने सुरू होत नाही. तो एकदाच, १६७४ ला सुरू झाला आणि पुढच्या राजांनी तोच चालू ठेवला, शंभूराजांच्या अभिषेकालाही तो परत १ पासून सुरू झाला नाही. पहिलं वर्ष १६७४-७५, म्हणजे तेरावं १६८६-८७. आता संवत्सर ताडून बघा: १६७४ ला शालिवाहन शके १५९६ होतं, आनंद संवत्सर. तिथून बारा पुढे मोजलं की शके १६०८, क्षय. जुळतं. कागद अस्सल आहे की नाही ते शिक्का, अक्षर, भाषा बघून जाणकार सांगतील, पण तारखेत विसंगती नाही.

एकच काळजी घ्या. संवत्सर पाडव्याला बदलतं, हा शक मात्र ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. त्यामुळे चैत्र-वैशाखातला कागद असेल तर शक तोच राहून संवत्सर पुढचं दिसतं. तुमच्या कागदावर महिना वाचता येतोय का?

वतनदार_वाईकर

महिना मार्गशीर्ष आहे असं म्हणाले. म्हणजे ठीक. धन्यवाद काका, मोठा घोळ मिटला.

तोफखाना

बरं मग २० जुलै ठेवा, पण राज्याभिषेकाची तारीख ठळक हवी, आमच्या मते खरी तीच. आणि राजारामांचे ते २१ एप्रिल ते १८ जून यादीत नको, ती राजवट नव्हे, कट होता.

दप्तरी_काका

कट म्हणा, पण त्यांच्या नावाने कारभार चालला हे खरं. बॅनरवर तळटीप द्या, वेगळी ओळ नको. यावर अभ्यासकांत एकमत आहे असं मी म्हणणार नाही.

सह्यकन्या

आता तीन कॉलम केले: आधीचे छत्रपती कधी गेले, मंचकारोहण, राज्याभिषेक. शंभूराजांची ओळ ३ एप्रिल १६८०, २० जुलै १६८०, १६ जानेवारी १६८१ अशी मस्त बसली. पण पुढच्याच ओळीला परत अडले. राजाराम महाराजांचं मंचकारोहण फेब्रुवारी १६८९ चं दिसतंय, आणि शंभूराजांची हत्या ११ मार्च १६८९. म्हणजे दुसरा कॉलम पहिल्याच्या आधीचा?? महिनाभर दोन छत्रपती?

दप्तरी_काका

एक्सेल बरोबर आहे, घाबरू नका. शंभूराजे तेव्हा मोगलांच्या कैदेत होते, रायगडावर कोणीतरी नावाने बसायलाच हवं होतं. त्यात राजाराम स्वतःला छत्रपती मानत होते की धाकट्या शाहूंच्या वतीने कारभार बघत होते, यावर अजून भांडणं आहेत. तिथे तळटीप क्रमांक दोन.

तोफखाना

भांडणं कसली, येसूबाईंनी स्वतः बसवलं त्यांना. नवीन धागा काढतो थांबा.