बी विंगमधला पावणेतीनचा लाइट

ए १०३, काका: बी विंगवाले, काल रात्री पावणेतीनला दुसऱ्या मजल्यावर लाइट होता. सगळं बरं हाय न्हवं?

बी २०४: बरं आहे काका. मी आणि आक्का शाल भरत बसलो होतो. सोमवारी लेकीच्या अक्षता, आणि गोपूर अर्धंच झालेलं.

सी ३०१, वहिनी: मशीनवर करून आणायची की गे!

बी २०४: मशीनची उलटी बाजू बघ एकदा. शाल खांद्यावरून पलटली की सगळा गुंता दिसतो. कसुतीच्या भरतकामातला गवंती टाका दोन्हीकडून सारखा उतरतो, गाठ कुठं मारायचीच नाही. जाताना एक टाका घ्यायचा, एक जागा सोडायची. येताना सोडलेल्या जागा भरायच्या. आमच्यात जायचं काम आक्काचं, यायचं माझं. सुई तीच, दोरा तोच, ती टोकाला पोचली की शाल माझ्या मांडीवर.

सी ३०१, वहिनी: लोकरीच्या शालीवर धागे कसे मोजता?

बी २०४: नाही मोजता येत. वर मॅटीचं कापड कच्चं टाचायचं, त्याचे चार चार धागे मोजून दोन्हीतून सुई काढायची. भरून झालं की मॅटी धागा धागा ओढून काढायची.

घोळ तिथंच झाला. एकच्या सुमाराला मी परत येत होते. गोपुराची तिसरी पायरी आली आणि माझा टाका आक्काच्या टाक्याला भिडेना. मोजलं, तर तिनं पाच धागे धरलेले! म्हटलं, आक्का, चुकलंय. म्हणाली, तुझीच नजर गेलीय. चष्मा लावून स्वतः मोजलं, मग गप्प.

एवढ्याशा फरकानं काय होतंय, असं मलाही वाटलं. पण पुढं दोन्ही बाजू कळसाला मिळायला पाहिजेत, तिथं फट दिसली असती. मग सुईच्या नेढ्याकडच्या टोकानं एकेक टाका उसवला, माझेही आणि तिचेही. उसवलेल्या दोऱ्याचा पीळ गेलेला, तो पिंजतो. तो टाकून नवा ओवला, लडीतले दोनच पदर. आक्काचा हात घट्ट, माझा सैल. म्हणून तिनं मुद्दाम दोरा ढिला सोडला. बोलली मात्र नाही. कळस मिळाला तेव्हा चहा ठेवला.

ए १०३, काका: आम्हाला बोलवायचं चहाला!

सी ३०१, वहिनी: मॅटी निघाली काय मग?

बी २०४: आडवे धागे निघाले, उभे ओढतेय. एक अडकलाय. सुई फटीतून न जाता धाग्याच्या मधोमध गेली की असं होतं. बारीक तुकडे करून चिमट्यानं काढेन. टाका आक्काचाच आहे, पण ती अजून झोपलीय. कुणी तिला सांगू नका.