मदत हवी आहे: कांद्याला हेक्टरी १००:५०:५० म्हणजे माझ्या दोन वाफ्यांना किती ग्रॅम?

परसबाग_सातारा
नमस्कार मंडळी, घरामागच्या जागेत उन्हाळी कांद्यासाठी दोन वाफे केलेत, प्रत्येकी ४ फूट रुंद आणि १५ फूट लांब. रोपं तयार आहेत, येत्या आठवड्यात लावायची आहेत. माहितीपत्रकात लिहिलंय नत्र, स्फुरद, पालाश १००:५०:५० किलो प्रति हेक्टर. दुकानातून युरिया, दाणेदार सुपर फॉस्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश सुटं आणलंय, पण हेक्टरचा आकडा वाफ्यापर्यंत आणायचा कसा? घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा आहे, ग्रॅममध्ये मोजता येईल. आणि हो, वाफ्यात शेणखत मिसळून झालंय, चौरस मीटरला साधारण दोन किलो पडलं असेल, तर त्यातलं नत्र वजा करायचं का तेही सांगा प्लीज.

मळेकरी
ताई एकदम सोपं आहे. हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर, आणि किलोचे हजार ग्रॅम, म्हणून हेक्टरी किलोला १० ने भागलं की चौरस मीटरचे ग्रॅम येतात. १०० चे १०, ५० चे ५. म्हणजे मीटरला १० ग्रॅम युरिया, ५ ग्रॅम सुपर, ५ ग्रॅम पोटॅश टाका, विषय संपला.

बाल्कनीतली_बाग
माझ्याकडे १२ इंची कुंडीत मिरची आहे, हाच हिशोब चालेल का? पानं पिवळी पडतायत, किती ग्रॅम टाकू?

माती_पाणी
मळेकरी, १० ने भागायचं हे बरोबर आहे, पण पुढे गाडी घसरली. १००:५०:५० हे नत्र-स्फुरद-पालाशचे किलो आहेत, पोत्यातल्या खताचे नाहीत. युरियात नत्र ४६ टक्के, सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्युरेटमध्ये पालाश ६० टक्के. तुमच्या हिशोबाने युरियातून निम्म्याहून कमी नत्र मिळेल आणि सुपर तर गरजेच्या सहावा हिस्सासुद्धा पडणार नाही.

ताई, आधी क्षेत्रफळ बघा. ४ गुणिले १५ म्हणजे ६० चौरस फूट, दोन वाफ्यांचे १२०. त्याला १०.७६ ने भागा, ११.१५ चौरस मीटर येतात. मधली पायवाट यात धरायची नाही, खत वाफ्यातच पडणार आहे.

आता नत्र. मीटरला १० ग्रॅम म्हणजे दोन्ही वाफ्यांना मिळून साधारण १११ ग्रॅम नत्र. त्याला ०.४६ ने भागलं की २४२ ग्रॅम युरिया. स्फुरद मीटरला ५ ग्रॅम, एकूण ५६ च्या आसपास, भागिले ०.१६ म्हणजे जवळपास ३५० ग्रॅम सुपर. पालाशही तेवढंच, पण ०.६० ने भागायचं, ९३ ग्रॅम म्युरेट. सुपर आणलंत ते बरं केलंत, त्यातून गंधकही मिळतं आणि कांद्याला ते लागतं.

सगळं एकदम टाकू नका. सुपर आणि म्युरेट पूर्ण, युरिया निम्मा म्हणजे १२० ग्रॅम, हे लागवडीच्या वेळी मातीत मिसळा. उरलेला युरिया ६०-६० ग्रॅम, एकदा लागवडीनंतर ३० दिवसांनी आणि एकदा ४५ दिवसांनी. हे सगळे आकडे दोन्ही वाफ्यांचे मिळून आहेत, प्रत्येक वाफ्याला निम्मं करून मोजा.

निफाडचा_शेतकरी
बरोबर आहे आकडा, मी उलटा फिरवून बघितला. मीटरला २१.७ ग्रॅम युरिया म्हणजे हेक्टरी २१७ किलो, म्हणजे एकरी ८८ किलो, आता युरियाची गोणी ४५ किलोची येते, दोन गोण्याच झाल्या की. आमच्याकडे कांद्याला एकरी दोन गोण्या युरिया हे कोणीही सांगेल. ताई कधीही हिशोब केला की असा एकरावर नेऊन बघायचा, एकरी अर्धी गोणी किंवा पाच गोण्या आल्या तर कुठंतरी चुकलंय समजायचं. आणि गुंठ्यात विचार करणाऱ्यांनी हेक्टरच्या आकड्याला १०० ने भागायचं, गुंठ्याचे किलो येतात, गुंठा १०१ चौरस मीटरचा असतो त्यामुळे फरक नगण्य.

मळेकरी
ओके, ते टक्केवारीचं माझ्याकडून राहून गेलं, धन्यवाद. पण ताईंनी १०:२६:२६ घेतलं असतं तर एकाच गोणीत काम झालं असतं ना?

माती_पाणी
स्फुरद आणि पालाश दोन्ही ५०-५० आहे म्हणून जुळतं खरं. दोन्ही वाफ्यांना २१५ ग्रॅम १०:२६:२६ टाकलं की ते दोन्ही पूर्ण होतात आणि २१ ग्रॅम नत्रही मिळतं. मग उरलेल्या ९० ग्रॅम नत्रासाठी १९५ ग्रॅम युरिया लागेल, म्हणजे युरिया सुटत नाहीच. आणि सुपरमधून जे गंधक मिळतं ते यात नाही. ताईंनी आणलंय तेच वापरावं.

परसबाग_सातारा
खूप खूप आभार, आता डोक्यात बसलं. पण ३० ग्रॅम युरिया ६० चौरस फुटांवर सारखा पसरायचा कसा? हातात मूठभर पण होत नाही, सुरुवातीलाच संपेल.

निफाडचा_शेतकरी
कोरडी वाळू नाहीतर चाळलेली कोरडी माती घ्या एक-दीड किलो, त्यात युरिया नीट मिसळा आणि दोन भाग करा. एक भाग वाफ्याच्या लांबीने फेकत जा, दुसरा आडवा. मिसळून ठेवून देऊ नका, युरिया हवेतलं पाणी ओढतो आणि गोळे होतात. पात ओली असताना टाकायचा नाही, दाणे चिकटून पात भाजते. दव सुकल्यावर टाका आणि लगेच पाणी द्या. पातीची टोकं पांढरी पडून वाळायला लागली एवढ्यात तर आधी कुठं दाणे जास्त पडले ते बघा, पण टोकं करप्याने नाहीतर फुलकिड्यानेही वाळतात हे लक्षात ठेवा.

माती_पाणी
आणि ४५ दिवसांनंतर पात जरा फिकी दिसली म्हणून परत युरिया देऊ नका. उशिरा नत्र मिळालं की कांदा पोसायच्या ऐवजी पात वाढत राहते, माना जाड राहतात, आणि जाड मानेचा कांदा साठवणीत सडतो. काढणीच्या वेळी मान दोन बोटांत धरून बघा, मऊ आणि बारीक झाली असेल तर ठीक.

शेणखताचं: मीटरला २ किलो म्हणजे हेक्टरी २० टन. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तर मीटरला १० ग्रॅम होतं, म्हणजे कागदावर पूर्ण गरज भागली. पण ते सगळं या हंगामात पिकाला मिळत नाही, हळूहळू सुटतं. मी असतो तर ४५ दिवसांचा हप्ता पात बघून ठरवला असता, गर्द हिरवी असेल तर सोडून दिला असता.

निफाडचा_शेतकरी
मला नाही पटत. शिफारशीत शेणखत वेगळं आणि रासायनिक वेगळं दिलेलं असतं, दोन्ही धरूनच १००:५०:५० सांगतात. नवीन जागा आहे, मी तरी हप्ता कमी करणार नाही.

माती_पाणी
घरामागची जागा आहे, आधी तिथे काय पडलंय कोणाला माहीत. माती परीक्षण झालेलं असतं तर वादच नव्हता. ताई, एका वाफ्याला शेवटचा हप्ता द्या, दुसऱ्याला नको, आणि काढणीला दोन्हीकडच्या माना आणि वजन इथे टाका.

बाल्कनीतली_बाग
माझ्या कुंडीचं राहिलं 🙏

माती_पाणी
कुंडीला हा हिशोब लावू नका. १२ इंची कुंडीचं तोंड जेमतेम ०.०७ चौरस मीटर, क्षेत्रफळाने दीड ग्रॅम युरिया येतो, तोही पाण्याबरोबर खालच्या भोकातून जाईल. पण आधी सांगा, खालची जुनी पानं पिवळी आहेत की शेंड्याची नवीन? पाणी किती देता? फोटो टाका, वेगळा धागा काढलात तर बरं.

परसबाग_सातारा
चालेल, एका वाफ्याला देते, एकाला नाही. काट्यावर सुपर मोजून ठेवलंय, लावणीच्या आदल्या दिवशी मिसळलं तर चालेल ना?