वास आल्यावर एक्झॉस्ट लावू नका

> सकाळी ओटा आवरताना गॅसचा वास येतो. एक्झॉस्ट लावला की दोन मिनिटांत जातो. असं चालेल का?

नाही, आणि उद्यापासून ते बटण दाबूच नका. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. वरचा पंखा तो नीट ओढत नाही. वास नाकापर्यंत आला म्हणजे खाली आणखी जास्त असू शकतो.

वास आला की दिवा, पंखा, लायटर कशालाही हात लावायचा नाही. विजेचं जे चालू आहे ते चालू राहू द्या, बटण बंद करतानाही ठिणगी पडते. आधी रेग्युलेटर बंद करा, मग बाल्कनीचं दार उघडा. नुसती वरची खिडकी पुरत नाही, खाली साचलेल्याला दारातूनच वाट मिळते. वास उग्र असेल तर सगळ्यांना घेऊन थेट बाहेर पडा आणि तिथून १९०६ ला फोन करा.

तुमच्याकडे वास रोज सकाळीच येतो, म्हणजे रात्रभर थोडी थोडी गळती होत असावी. घर मोकळं झाल्यावर, शेगडीच्या कळा बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करा आणि साबणाचा फेस नळीच्या दोन्ही टोकांना, रेग्युलेटरच्या बुडाशी लावा. बुडबुडे फुगत राहिले तर गळती तिथेच. बुडाशी आले तर बहुधा व्हॉल्व्हमधलं रबरी वायसर गेलंय. रेग्युलेटर काढून टोपण लावा, एजन्सीचा माणूस येईपर्यंत शेगडी पेटवू नका. रात्री रेग्युलेटर बंद करता ना?